आमची वाटचाल : दुकानदाराच्या आठवड्याचं एक पान

जुलै 2017 मध्ये जीएसटी लागू झाला आणि फोंड्यातलं आमचं दोघा नवरा-बायकोचं ऑफिस बिलिंग सॉफ्टवेअर बसवण्याच्या कामात बुडून गेलं. वर्षभरात दुकानादुकानांत बारकोड स्कॅनर आले, पण त्या संगणकातून बाहेर निघायचं ते फक्त सीएला लागणारं. दुकानदार स्वतः काय बघायचा? रात्रीचा गल्ला. त्याच्यासाठी आठवड्याला एक पान काढून द्यायचं आम्ही ठरवलं, आणि आज आमचं निम्मं पोट त्या पानावर भरतं.

पान ए-फोर, काळं-पांढरं, शनिवारची शेवटची बिलं झाल्यावर निघतं. सोमवारपासून कंपन्यांचे सेल्समन ऑर्डर घ्यायला येतात, त्याआधी ते वाचून झालेलं असावं. आलेख नाहीत. सगळ्यात वर विक्री, आणि तिला लागूनच तिचे दोन भाग: बिलं किती झाली आणि सरासरी बिल कितीचं. शेजारी आधीच्या चार आठवड्यांची सरासरी. नुसत्या एका मागल्या आठवड्याशी तुलना केली की तेव्हाचा मुसळधार पाऊस किंवा बंदही हिशेबात येतो.

म्हापशातल्या एका जनरल स्टोअरचं उदाहरण सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. नेहमीच्या आठवड्यात 1,600 बिलं, सरासरी 250 रुपये, विक्री चार लाख. एका आठवड्यात ती 3 लाख 60 हजारांवर आली. मालक म्हणाले, "भाई, पलीकडे नवीन सुपरमार्केट झालंय, गिऱ्हाईक तिकडे गेलं." पण बिलं 1,620 होती, म्हणजे उलट वीस जास्त. घसरलं होतं ते सरासरी बिल, 250 वरून 222 वर.

इथे थांबलं तर वाटेल, लोक हात आखडून खरेदी करतायत. म्हणून तीन हजारांवरची बिलं वेगळी काढली. एरवी ती आठवड्याला 14 असायची, मिळून 70 हजारांची. या वेळी पाचच, 26 हजारांची. ती बाजूला ठेवल्यावर घरगुती गिऱ्हाइकाचं सरासरी बिल 208 वरून 207, म्हणजे जिथल्या तिथे. खड्डा पडला होता तो खानावळीवाल्यांच्या मोठ्या खरेदीत. त्यातले दोघे मालकांच्या ओळखीचे, फोन केल्यावर कळलं की तेल आणि साखर ते आता घाऊकवाल्याकडून उचलतायत. नव्या सुपरमार्केटशी लढायला सूट जाहीर करायचा बेत तिथेच रद्द झाला. अशी गिऱ्हाइकं जीएसटी नंबरावरून का शोधत नाही, असं लोक विचारतात. पाच टक्के जीएसटीवाल्या खानावळीला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे बिलावर नंबर घालून घ्यायची तिला गरजच नसते. बिलाचा आकार हीच खूण. तीन हजारांची रेघ मात्र प्रत्येक दुकानाची वेगळी, ती मालकाबरोबर बसूनच ठरवावी लागते.

चार आठवड्यांची सरासरी गणेश चवथीच्या तोंडावर कुचकामी ठरते. तेव्हा गेल्या वर्षाची तीच तारीखही चालत नाही: 2024 साली चवथ 7 सप्टेंबरला होती, 2025 साली 27 ऑगस्टला. म्हणून त्या दिवसांत पान तारखेने न मोजता "चवथीला उरलेले दिवस" असं मोजतं.

पानाच्या खालच्या अर्ध्यात गप्प झालेल्या मालाची यादी असते. जी वस्तू एरवी आठवड्यातले निदान सहा दिवस विकली जाते आणि गेले दोन दिवस एकदाही विकली गेली नाही, ती इथे येते. संगणकातल्या शिलकेवर आम्ही विसंबत नाही, कारण खरेदीची बिलं चढवायला दुकानात कुणाला वेळ नसतो आणि शिल्लक कधी उणे चाळीसही दिसते. विक्री मात्र खोटं बोलत नाही. उकडे तांदूळ या यादीत आले की एकतर माल संपलाय, नाहीतर पोतं गोदामात तसंच पडलंय. तिसरं कारण बेरकी आहे: कंपनीने पॅक बदलला, नवा बारकोड नोंदवलेला नाही, आणि काउंटरवरची मुलगी किंमत "इतर"मध्ये मारून मोकळी होते. म्हणून यादीखाली "इतर"चा वाटा छापतो. तो तीन टक्क्यांवर गेला की यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, असं आम्हीच सांगतो.

नफा पानावर नाही. प्रत्येक नवा दुकानदार पहिल्यांदा तोच मागतो. पण बारावर एक फुकट, महिनाअखेरची स्कीम, डिस्प्लेचे पैसे हे कशातच नोंदलेलं नसतं, आणि खरेदीचा दर कधी कधी दोन वर्षांपूर्वीचा असतो. त्यावरून काढलेला नफा छापण्यापेक्षा आम्ही एखादं दुकान सोडतो, आणि सोडलेलीही आहेत.