ब्रसेल्सच्या जुन्या बाजारात कळफलक वाचताना

ब्रसेल्सच्या मारोल भागात प्लास द्यु ज्यू द बाल नावाचा दगडी फरशीचा चौक आहे. १८७३ पासून इथे जुन्या सामानाचा बाजार भरतो, आणि तोही रोज सकाळी. झुंबरं, तसबिरी, कुणाच्या तरी लग्नातली काटे-चमच्यांची पेटी, सगळं जमिनीवरच मांडलेलं. भाची लूव्हनला शिकते, ती सोबत होती. तिला जुनी पोस्टकार्डं हवी होती. मी मात्र लॅपटॉप आणि टाइपरायटर दिसतील तिथे उकिडवी बसत होते. नाव-गाव न बघता नुसत्या कळांवरून यंत्राचा देश ओळखायचा, हा माझा जुना नाद.

पहिल्याच चादरीवर दोन काळे लॅपटॉप होते. दोन्हींच्या वरच्या ओळीत A Z E R T Y, आणि M खालच्या ओळीत नाही, तर L च्या शेजारी. भाची म्हणाली, “मावशी, हे तर फ्रेंच.” पण अक्षरं फक्त घराणं सांगतात. ही मांडणी फ्रान्समध्ये आहे तशी बेल्जियममध्येही आहे. दोन्हीकडे आकडा काढायला शिफ्ट दाबावी लागते, कारण आकड्यांच्या कळांवर आधी é, è, ç, à बसलेली असतात. फरक शोधायचा तो 6 आणि 8 च्या कळांवर. फ्रेंच कळफलकात शिफ्ट न दाबता 6 वर आडवी रेघ - येते आणि 8 वर तळरेघ _. बेल्जियन कळफलकात 6 वर § आणि 8 वर उद्गारचिन्ह. शंका उरलीच तर @ कुठे छापलंय ते बघावं: बेल्जियनवर 2 च्या कळेवर, फ्रेंचवर 0 च्या. आमच्यापुढचा एक लॅपटॉप निघाला इथलाच आणि दुसरा फ्रान्सचा.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. कळफलकावरून भाषा कळेलच असं नाही. घेंटचा माणूस घरी डच बोलतो, तरी त्याच्यापुढे हीच बेल्जियन मांडणी असते. सीमा ओलांडून नेदरलँड्समध्ये जा, भाषा तीच, पण दुकानातल्या लॅपटॉपवर आपल्या ओळखीचं QWERTY. कळांची सीमा भाषेवरून नाही, देशावरून जाते.

पुढे एका छत्रीखाली राखाडी रंगाचा, चपटा हर्मीस बेबी टाइपरायटर होता. Y च्या जागी Z, म्हणजे जर्मन घराणं. जर्मनमध्ये Z सारखा लागतो आणि Y क्वचित. पण जर्मनीच्या यंत्रावर 0 च्या उजवीकडे ß असतो, तो इथे कुठेच नव्हता. आणि एकाच कळेवर ö आणि é, शेजारच्या कळेवर ä आणि à. जर्मन आणि फ्रेंच अशी एका कळेवर नांदताना दिसली की ते यंत्र स्वित्झर्लंडचं. ß तिथे वापरतच नाहीत. शिफ्टची जागा फ्रेंच अक्षराने अडवल्यामुळे मोठ्या Ö ला कळच उरत नाही, म्हणून तिथे टंकलेखक Oe असं लिहीत. स्विस लॅपटॉपवरही हीच जोडी असते आणि तिथे आणखी एक पायरी पुढे जाता येतं: शिफ्ट न दाबता ü येत असेल तर जर्मन स्वित्झर्लंड, è येत असेल तर फ्रेंच.

टाइपरायटरच्या बाबतीत कंपनीच्या नावावर मुळीच जाऊ नये. त्याच छत्रीखाली एक ऑलिवेत्ती होता. कंपनी इटलीच्या इव्रेआची, पण कळा AZERTY. इटलीत विकायचा असता तर वरची ओळ Q Z E R T Y असती. हा फ्रान्स किंवा बेल्जियमच्या गिऱ्हाइकासाठीच बनवलेला. जुन्या यंत्राच्या कळांच्या टोप्या बदललेल्या असू शकतात, म्हणून मी विक्रेत्याला विचारून कागद लावला आणि ओळभर कळा दाबल्या. शाई उमटते ती कळेच्या टोपीतून नाही, आतल्या दांड्याच्या टोकावर कोरलेल्या अक्षरातून, आणि ते सहसा खोटं बोलत नाही.

लॅपटॉपमध्ये फसवतात ते स्टिकर. बहुतेक युरोपीय कळफलकांची एंटर कळ दोन ओळी उंच असते, आणि डाव्या शिफ्टच्या अन् पहिल्या अक्षराच्या मध्ये एक जादा कळ असते, बहुधा < > ची. एका कोपऱ्यात AZERTY लिहिलेला, पण आडव्या, बुटक्या एंटरचा आणि जादा कळ नसलेला एक लॅपटॉप दिसला. नखाने टोकरलं तर A खालून Q डोकावला. मूळचा अमेरिकी मांडणीचा, इथे विकण्यासाठी वर स्टिकर डकवलेले.

विक्रेत्याला आमचा खेळ लक्षात आला होता. भाचीने दाखवायला म्हणून पिशवीतून आपला लॅपटॉप काढला. पुण्यात घेतलेला, बुटक्या एंटरचाच. तो म्हणाला, “अमेरिका.” तिने 4 च्या कळेवरच्या ₹ वर बोट ठेवलं. हे चिन्ह त्याने कधी पाहिलं नव्हतं. मग हर्मीसचे त्याने साठ युरो सांगितले, भाचीने चाळीस म्हटलं, आणि पन्नासला सौदा झाला.