काउंटर बघितल्यावर ठरलं

लेझर हेअर रिडक्शनचं मशीन विकत घ्यायचं, लीजवर घ्यायचं की वापरू तेवढे पैसे द्यायचे, याचा हिशेब क्लिनिकमध्ये माझ्याकडे आला, कारण खर्चाच्या वह्या माझ्याकडे असतात. डॉक्टर मॅडमचं मत पक्कं होतं: मशीन स्वतःचंच हवं. भाड्याच्या मशीनवर त्यांचा मुळात विश्वास नाही.

विकणाऱ्या कंपनीचा माणूस सारखा एकच आकडा सांगत होता. हँडपीसची, म्हणजे हातात धरून त्वचेवर टेकवायच्या भागाची, हमी एक कोटी शॉटची; लेझरचा एक झोत म्हणजे एक शॉट. ऐकणाऱ्याला वाटतं, जन्मभर पुरेल. डेमोच्या दिवशी मी उपचाराकडे न बघता पडद्याच्या कोपऱ्यातल्या शॉट मोजणाऱ्या काउंटरकडे बघत बसलो.

आमच्या एका सहकारी ताईंच्या काखांवर डेमो झाला. एका बाजूला स्टॅटिक पद्धत: टोक टेकवायचं, एक शॉट, पुढे सरकायचं. दुसऱ्या बाजूला इन-मोशन: कमी ऊर्जेचे शॉट सेकंदाला दहा सुटतात आणि हँडपीस त्वचेवरून सतत फिरवत राहायचा, म्हणजे उष्णता हळूहळू साठते आणि चटका कमी बसतो. स्टॅटिकच्या बाजूला काउंटर सत्तरेकने वाढला. इन-मोशनच्या बाजूला हजाराच्या वर गेला. काख तेवढीच, केसही तेवढेच.

मग कागदावर मांडलं. सेकंदाला दहा म्हणजे तासाला 36,000 शॉट. त्या चालीने एक कोटी शॉट 278 तासांत संपतात. रोज दोन तास प्रत्यक्ष फायरिंग धरलं तर पाच महिनेही पुरे होत नाहीत. आणि नव्या हँडपीसची किंमत त्यांच्याच कोटेशनमध्ये मशीनच्या पावपट होती. वार्षिक देखभालीच्या करारात हँडपीस नव्हताच. तो ‘उपभोग्य वस्तू’ या शीर्षकाखाली शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होता. हे त्या माणसाने आपणहून सांगितलं नाही, आणि मला त्याचं नवलही वाटलं नाही.

मॅडम म्हणाल्या, “मग स्टॅटिकच वापरू.” पण काळ्या-सावळ्या त्वचेवर जास्त ऊर्जेचा एकच शॉट म्हणजे भाजण्याची, डाग पडण्याची भीती जास्त, शिवाय पायासारख्या मोठ्या भागाला वेळ फार. म्हणजे शॉट वाचवायचे तर उपचाराची पद्धतच बदलायची, आणि तेही हिशेबासाठी!

दर शॉटमागे पैसे घेणाऱ्या योजनेत हीच गोष्ट उघडी पडते. मशीन त्यांचं, दुरुस्ती त्यांची, झिजलेला हँडपीस तेच बदलणार, ऐकायला उत्तम. आम्ही चाचणीसाठी ते काही दिवस ठेवलं. सेशन चालू असताना थेरपिस्टची नजर काउंटरवर जायला लागली. त्याच भागावरून हात जितक्या वेळा फिरवायचा तितका फिरेना. बिल कमी आलं खरं, पण दोन-तीन आठवड्यांत केस गळून पडायला हवे होते, ते काही जणांचे तसेच होते. त्यांना मी काय सांगणार? शिवाय महिन्याचं किमान शुल्क होतंच. माणसं कमी आली तरी ते भरायचं.

दिवसापुरतं मशीन घेऊन येणाऱ्यांचं वेगळंच. ठरलेल्या दिवशी सगळ्यांना गोळा करायचं, आणि मशीन दर वेळी तेच येईल याची खात्री नाही. हँडपीस जुना झाला की पडद्यावर ऊर्जेचा आकडा तोच दिसतो, टोकातून मात्र कमी बाहेर पडते. मीटर लावून मोजल्याशिवाय कळत नाही. उपचारानंतर केसांच्या मुळाशी येणारी बारीक सूज दिसेनाशी झाली, तर संशय घ्यावा. आम्ही सहा ते आठ सेशनची पॅकेजेस आगाऊ पैसे घेऊन विकतो, सेशनमध्ये चार ते सहा आठवड्यांचं अंतर. पैसे घेतलेले आपण आणि मशीन दुसऱ्याच्या गाडीत, हे मला झोप लागू देईना.

शेवटी लीजकडे वळलो, पण हँडपीस हप्त्यातच धरायला लावून. हप्ता वाढला. दर सर्व्हिसला टोकातली ऊर्जा मोजायची आणि ठरलेल्या पातळीखाली गेली की हँडपीस बदलून द्यायचा, हे कलम मी घातलं. त्यांच्याकडून मसुदा परत आला तो त्या कलमाशिवाय. मी परत घातलं. चार ओळींसाठी जेवढी घासाघीस झाली तेवढी हप्त्यासाठी झाली नाही, यावरून काय ओळखायचं ते मी ओळखलं. मॅडम अजून म्हणतात, “स्वतःचं घेतलं असतं तर एवढं कुणाच्या तोंडाला लागावं लागलं नसतं.” मुदत संपल्यावर मशीन परत जाणार, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. तेव्हा कितीजणांची सेशन अर्धी असतील, हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून शेवटचे आठ महिने नवीन पॅकेज विकायचं नाही, असं मी सुचवलंय. रिसेप्शनला ते अजिबात पटलेलं नाही.