रात्री वाजणारा जॉकी पंप आणि सव्वातीन मिलिमीटरचा पाइप

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर रात्रपाळीचा वॉचमन मला म्हणाला, "साहेब, तो छोटा पंप रात्रभर चालू-बंद होत असतो." मी सोसायटीचा सेक्रेटरी. आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा जुलैचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, जवळ आला होता, म्हणून त्याच रात्री पंपरूममध्ये जाऊन बसलो. दर बारा मिनिटांनी जॉकी पंप सुरू होत होता.

आमची स्प्रिंकलर यंत्रणा 'वेट' प्रकारची आहे, म्हणजे पाइपात कायम दाबाखाली पाणी उभं असतं. दाब 6 बारवर उतरला की जॉकी सुरू होतो आणि 7 बारला बंद होतो. कुठलंही हेड फुटलेलं नसताना हे पाणी हलता कामा नये. दर बारा मिनिटांनी दाब उतरतो, याचा अर्थ पाणी कुठून तरी बाहेर जातंय.

दुसऱ्या दिवशी देखभाल करणाऱ्या एजन्सीचा फिटर आला आणि आम्ही पाण्याच्या वाटेनेच निघालो. पंपाच्या हेडरवरून पाणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि अलार्म व्हॉल्व्ह ओलांडून 150 मिलिमीटरच्या उभ्या रायझरमध्ये येतं. रायझरमधून प्रत्येक मजल्याला एक फाटा निघतो. त्या फाट्यावर बटरफ्लाय व्हॉल्व्ह, फ्लो स्विच, गेज आणि ड्रेनची तोटी असते. पुढे मजल्याची मुख्य लाइन, तिच्यातून दोन्ही बाजूंना ब्रँच लाइन, आणि ब्रँचवर हेड. ब्रँच शेवटाकडे बारीक होत जाते. आमच्याकडे शेवटचा तुकडा 25 मिलिमीटरचा आहे.

फिटरने एका वेळी एकाच मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला. तेवढा वेळ त्या मजल्यावर माणूस उभा ठेवला, कारण व्हॉल्व्ह बंद असताना तिथल्या हेडना पाणी नसतं. खालचं बेसमेंट बंद केलं, तरी जॉकी वाजतच राहिला. वरचं बेसमेंट बंद केलं आणि पंपरूम शांत झाली. मग बॅटरी घेऊन छताखालून फिरलो. तिसऱ्या ब्रँचच्या शेवटच्या हेडच्या अलीकडे, आट्यांपाशी पाण्याचा थेंब लटकत होता आणि पाइपावर खालपर्यंत तांबूस ओघळ उतरला होता.

तो तुकडा कापून फिटरने माझ्या हातात दिला. जीआय पाइप, मध्यम जाडीचा. खालचा भाग आतून बराचसा शाबूत, पण वरच्या अंगाला गंजाची सरळ रेघ आणि तिच्यावर फोडासारखे उंचवटे. एक फोड खरवडला तर खाली सुईच्या टोकाएवढं भोक.

"काका, ही रेघ म्हणजे पाण्याची पातळी. वर हवा अडकली होती," तो म्हणाला.

ब्रँचच्या शेवटाला हवा बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे लाइन भरताना ती तिथेच कोंडली जाते. तिच्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरून लोखंड खातो. संपला की गंज मंदावतो. आम्ही मात्र त्याला पुन्हापुन्हा खाऊ घातलं होतं. दीड वर्षात त्या मजल्याची लाइन चार वेळा रिकामी करून भरली: रंगकाम, दोन हेड सरकवणं आणि दोनदा किरकोळ गळती. जस्ताचा मुलामा अशा जागी तारत नाही. तो एका ठिकाणी उडाला की सगळा मारा त्याच बिंदूवर होतो आणि बारीक भोक पडतं.

भोक आट्यांपाशीच का पडलं, हेही तिथेच कळलं. 25 मिलिमीटरच्या मध्यम पाइपाची भिंत साधारण 3.25 मिलिमीटर असते. आटे पाडताना त्यातले जवळजवळ दीड मिलिमीटर जातात. IS 1239 च्या हेवी वर्गात, म्हणजे बाजारात ज्याला सी क्लास म्हणतात त्यात, भिंत चार मिलिमीटरची असते आणि आट्यांखाली अडीच उरते. ही जास्तीची जाडी म्हणजे आणखी काही वर्षं.

दुसऱ्या एका एजन्सीने नारिंगी सीपीव्हीसी सुचवला. गंज नाही, काम झटपट, दरही कमी. कमिटीला मोह पडला, पण मी ठाम नाही म्हणालो. हा पाइप मुख्यतः घरं आणि ऑफिसांसारख्या हलक्या धोक्याच्या जागांसाठी मान्य आहे. गाड्यांच्या पार्किंगचा धोका त्याहून वरच्या वर्गातला. शिवाय आटे पाडताना वापरलेलं तेल लोखंडी लाइनमधून वाहत त्याच्यापर्यंत आलं, तर काही तेलांनी सीपीव्हीसीला तडे जातात. जुन्या लोखंडाला तो जोडायचा म्हणजे ही भीती कायमची.

शेवटी वरच्या बेसमेंटच्या ब्रँच काळ्या सी क्लास पाइपात बदलल्या आणि लाइनच्या टोकाला सर्वांत उंच जागी हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवला. लाइन त्या व्हॉल्व्हमधून हवा सोडत हळूहळू भरली. मग 14 बारवर दोन तास चाचणी घेतली. गेजचा काटा हलला नाही.

आता जॉकी दिवसातून एखाद वेळा लागतो आणि वॉचमन ती वेळ वहीत लिहितो. मजला रिकामा करायचा तर आधी मला विचारायचं, अशी पाटी ड्रेनच्या तोटीवर लावली आहे. खालचं बेसमेंट अजून जीआयवरच आहे. पुढच्या वेळी ते रिकामं करावंच लागलं, तर टोकाचा एक तुकडा कापून आतून बघायचं ठरलंय.