एजंटला पाठवलेला दुसरा मेसेज

पहिला मेसेज एवढाच होता: ‘कोथरूडला २ बीएचके आहे का?’ तो चार एजंटांना पाठवला. दोघांनी नुसता अंगठा पाठवला, एकाने बावधनच्या बत्तीस हजारांच्या फ्लॅटचे फोटो धाडले, चौथा गप्पच. चूक माझीच म्हणा. त्यांनी तरी काय दाखवावं?

रात्री बसून दुसरा लिहिला:

‘नमस्कार दादा. कोथरूड किंवा कर्वेनगरात २ बीएचके हवाय. आम्ही तिघं, मी, मिस्टर आणि सासूबाई. भाडं मेंटेनन्स धरून २५ हजारांपर्यंत, डिपॉझिट ७५ हजारांपर्यंत. १ जूनला राहायला यायचंय. लिफ्ट हवी, नसेल तर पहिला मजला चालेल. पाणी किती वेळ येतं? लॉक-इन किती? तुमची ब्रोकरेज किती?’

वीस मिनिटांत उत्तर आलं. ‘मॅडम, कर्वेनगर, दुसरा मजला, लिफ्ट आहे. भाडं २३, मेंटेनन्स २५०० वेगळा. लॉक-इन ६ महिने. ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं. पाणी भरपूर.’

म्हणजे साडेपंचवीस. ‘मेंटेनन्स धरून’ हे दोन शब्द आधीच लिहिलेले असल्यामुळे घासाघीस करायला तोंड होतं. मालक पंचवीसवर आले, आणि करारात ‘मेंटेनन्ससह’ असं लिहूनही मिळालं.

‘पाणी भरपूर’ मात्र खटकलं. फ्लॅट बघून खाली उतरल्यावर वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, ‘एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, त्याचे पैसे फ्लॅटमागे निघतात.’ ते मालक देणार की भाडेकरू, हे मी मेसेजमध्ये विचारायला हवं होतं. तिथेच उभं राहून विचारलं. एजंटने मालकांना फोन लावला, दोन मिनिटं ‘हो काका, हो काका’ केलं आणि मालक देणार असं ठरलं. घरी पोचल्यावर मी तेच लिहून पाठवलं, ‘बरोबर आहे ना?’ असं विचारून. ‘हो’ आलं तेव्हा बरं वाटलं.

तारखेचाही घोळ झालाच. फ्लॅट रिकामा, म्हणून मालकांना २० मेपासून भाडं हवं होतं. आमच्या जुन्या घराची नोटीस ३१ मेपर्यंतची. बारा दिवस दोन घरांचं भाडं कोण भरणार? शेवटी दहा हजार टोकन थेट मालकांच्या खात्यात भरलं, ते डिपॉझिटमधून वजा, आणि करार १ जूनपासून.

एजंट म्हणाला, ‘नोटरी करून टाकू, स्वस्तात होतं.’ मी नाही म्हटलं. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. मग अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन झाला. अंगठे घ्यायला मुलगा मशीन घेऊन घरी आला. मालककाकांचा अंगठा काही केल्या लागेना. त्यांनी तो रुमालाला दोनदा पुसला, सासूबाईंनी पाण्याची वाटी पुढे केली, आणि चौथ्या खेपेला मशीनवर हिरवा दिवा लागला.