माथ्याच्या अलीकडे

"ते फ्रीलुफ्त्सलीव म्हणजे शेवटी आपलं ट्रेकिंगच ना? मग त्याचं एवढं काय कौतुक? थंडीपावसात पोरीला घेऊन भटकता, त्यातून मिळतं काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. अकरा वर्षं ऑस्लोत राहते आहे आणि दर सुट्टीत सांगलीला आले की हा प्रश्न येतो. आजवर मी "हो, तसंच काहीसं" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं होतं.

आधी हा नॉर्वेजियन शब्द. फ्री म्हणजे मोकळं, लुफ्त म्हणजे हवा, लीव म्हणजे जगणं. पण हे तीन सुटे मणी नाहीत. 'फ्रीलुफ्त' हा एक जोड आहे, आपल्या 'उघड्यावर'सारखा. उघड्यावरच्या नाट्यगृहालाही इथे तोच शब्द लागतो. मधला 'स' फक्त सांधा. म्हणजे अर्थ होतो उघड्यावरचं जगणं. 'मुक्त जीवन' वगैरे जे सांगतात, ते ऐकायला छान आहे, पण शब्दात तेवढं नाही. चालणं नाही, चढणं नाही, शिखर नाही. भार सगळा शेवटच्या 'लीव'वर.

सरकारी व्याख्याही तशीच आहे. फुरसतीच्या वेळात, नेहमीची जागा बदलावी आणि निसर्ग अनुभवावा म्हणून उघड्यावर केलेला मुक्काम आणि शारीरिक हालचाल, असा तिचा आशय. त्यात मुक्काम आधी येतो आणि हालचाल नंतर. हा क्रम मला कळायला पाच वर्षं लागली, आणि ज्या दिवशी कळला त्या दिवसाची आठवण अजून बोचते.

मी इथे आले ती गड मोजणारी बाई म्हणून. कॉलेजात असल्यापासून वहीत गडांची यादी होती, चढून आलं की समोर खूण करायची. त्यात लाज वाटावी असं मला आजही काही दिसत नाही. पण इथले शेजारी रविवारी "तूरवर", म्हणजे भटकायला, जातो म्हणायचे, मी विचारायचे "कुठे?", आणि ते नुसता हात हलवून म्हणायचे, जंगलात. मेट्रोने सोग्न्सवानपर्यंत जायचं, तळ्यापलीकडे झाडांवरच्या निळ्या खुणांमागे चालायचं, कुठेतरी बूड टेकवायला फोमची चटई टाकायची, डब्यातला ब्रेड खायचा, थर्मासमधला कोको प्यायचा आणि परत यायचं. मला ते फार मिळमिळीत वाटायचं. याला का जाणं म्हणतात?

माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती. सप्टेंबरचा शेवट. टेलेमार्कमधल्या गाउस्ताटॉपेनला जायचं मीच ठरवलं. उंची १८८३ मीटर, आणि हवा स्वच्छ असेल तर वरून नॉर्वेचा सहावा हिस्सा दिसतो म्हणतात. स्ताव्सरूच्या गाडीतळावरून सुमारे ७०० मीटरचा चढ, तोही मळलेल्या वाटेने. डोंगराच्या पोटातून वर जाणारी रेल्वेही आहे, पण मला चालूनच जायचं होतं. शेजारचं जोडपं बरोबर आलं. ऑस्लोहून तीन तास गाडी हाकून आम्ही पोचलो तेव्हा माथा ढगात होता.

पहिला तासभर काहीच झालं नाही. दगडांवर वाटेची खूण म्हणून रंगवलेला लाल 'टी' दिसला की पुढे, मग पुढचा 'टी'. वर वाट दगडधोंड्यांत शिरते, तिथे वारा सुरू झाला आणि पाठोपाठ बारीक पाऊस. लेक कुरकुरायला लागली. "आता थोडंच राहिलंय" म्हणत मी तिला ओढत होते. सह्याद्रीत मलाही असंच ओढत नेलेलं, आणि वर पोचल्यावर मी रडणं विसरले होते. तिचंही तसंच होईल, अशी माझी खात्री होती.

मग ती कुरकुरायची थांबली. मला वाटलं, सावरली. दोनदा पाय अडखळला, तो मी दगडांच्या नावावर टाकला. तिला जॅकेटची चेन वर ओढता येईना, ती मी ओढून दिली आणि चालत राहिले.

शेजारीण मागून आली, लेकीसमोर गुडघ्यावर बसली, हातमोजा काढला आणि कॉलरमधून तिच्या मानेवर मागच्या बाजूला हात ठेवला. इथल्या बालवाडीतल्या ताईही असंच करतात. गार हातांवरून फारसं कळत नाही, थंडीत हात गार होतातच. मान गरम तर मूल ठीक. मान गार लागली, तर अंगातली ऊब संपत आली आहे. मान गार होती. तिने लेकीच्या शर्टाचं टोक चिमटीत धरून पाहिलं आणि माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाली, "बोमुल". सुती.

तो शर्ट मीच घातला होता, आणि खाली जीन्स. आपल्याकडे सुती म्हणजे अंगाला चांगलं. पण चढताना आलेला घाम सूत पिऊन घेतं आणि धरून ठेवतं. वारा लागला की तोच ओला कपडा अंगातली ऊब खेचत राहतो. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते, म्हणून इथे अंगालगत लोकर घालतात. वर कितीही महागाचं जॅकेट असलं तरी आतल्या ओल्या सुतापुढे त्याचं फारसं चालत नाही. आणि मूल लहान म्हणून मोठ्यांपेक्षा लवकर गारठतं. गप्प होणं, अडखळणं, बोटांना चेन न धरता येणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. तिन्ही मी पाहिली होती.

"आता परत फिरू," शेजारीण म्हणाली. आणि मी, जिची पोर समोर थरथरत होती, तिच्याशी वाद घातला. माथ्याच्या जरा खाली एक दगडी झोपडी आहे, तिथे गरम खायला मिळतं. मी म्हटलं, मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणंच शहाणपणाचं. ते पूर्ण चूकही नव्हतं. पण मी ते लेकीसाठी बोलत नव्हते. तीन तास गाडी चालवून आले होते आणि मला वर जायचं होतं. ती नवऱ्याकडे बघून काही बोलली नाही, माझ्यावर चिडलीही नाही. सॅकमधून वारा अडवणारी मोठी पिशवी काढली, दोघांनी एका मोठ्या दगडाच्या आडोशाला ती स्वतःच्या आणि लेकीच्या डोक्यावरून ओढली. आत तिचे ओले कपडे काढून शेजारणीची लोकरीची बंडी घातली. चटईवर बसवून कोको पाजला, चॉकलेट दिलं. मी बाहेर वाऱ्यात उभी. वीसेक मिनिटांनी आतून लेकीचा हसण्याचा आवाज आला. मग आम्ही खाली उतरलो.

गाडीत लेक म्हणाली, "आई, मला वर जायचंच नव्हतं. मला त्या पिशवीत बसायचं होतं."

इथे डोंगरात जाण्याचे नऊ नियम आहेत. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरांत १८ माणसं दगावली, त्यानंतर ते घरोघरी पोचले. आठवा नियम लहान मुलांनाही पाठ असतो : वेळेवर मागे फिरा, परत फिरण्यात लाज नाही. मी तो पूर्वीच वाचला होता आणि सुरक्षेची सूचना म्हणून सोडून दिला होता. त्या दिवशी कळलं की तो या शब्दाच्या पोटातूनच आलेला आहे. जायचं कारण 'पोचणं' असेल तर परत फिरणं म्हणजे हरणं. कारण 'उघड्यावर असणं' असेल, तर दगडाआड कोको पिताना ते पुरं झालेलंच असतं.

म्हणून तुम्ही "ट्रेकिंगच ना?" म्हणता तेव्हा मला राग येतो. राग तुमचा नाही, तेव्हाच्या माझा.

पण त्या गड मोजणाऱ्या बाईची बाजूही मला पुरती सोडवत नाही. गडावर जाणं म्हणजे कुणाकडे तरी जाणं असतं. वर देऊळ असतं, टाकं असतं, तटावर कुणीतरी रात्री जागलेलं असतं. इथल्या पठारावर माझं कुणी नाही. नुसतं 'असणं' त्यांना सोपं जातं, कारण आजोबांनी त्यांना तिथे आधीच बसवलेलं असतं. आणि कायदाही पाठीशी आहे. १९५७ पासून नांगराबाहेरच्या कुणाच्याही जमिनीवर पायी जाण्याचा, वस्तीच्या घरापासून १५० मीटर सोडून तंबू ठोकण्याचा हक्क सगळ्यांना लेखी आहे, मलाही. तरी पहिली दोन वर्षं कुणाच्या रानात शिरताना मी हाकलून देतील म्हणून मागे बघत होते. मोकळी हवाही सवयीची व्हावी लागते.

आणि हेही, जे मी घरी कधी बोलले नाही. हा शब्द पहिल्यांदा छापून आला तो नाटककार इब्सेनच्या १८५९ सालच्या एका दीर्घ कवितेत. एक तरुण आईला आणि प्रेयसीला खाली सोडून पठारावर जातो. ओसाड झोपडीत बसायला बाक आहे, चूल आहे, आणि 'माझ्या विचारांसाठी फ्रीलुफ्त्सलीव'. म्हणजे तेव्हा माणूस छपराखालीच होता, उघड्यावर होते ते त्याचे विचार. पुढे वरून त्याला आईचं घर जळताना दिसतं, प्रेयसीच्या लग्नाची वरात जाताना दिसते, आणि तो खाली उतरत नाही. माझी आई सांगलीत एकटी असते. ती कविता मी एकदा वाचली आणि पुन्हा उघडली नाही. 'मिळतं काय' म्हणता, तर त्याची किंमतही त्या शब्दात पहिल्यापासून आहे.

या ऑगस्टमध्ये आम्ही दोघी परत गाउस्ताटॉपेनला गेलो. लेक आता चौदा वर्षांची आहे. आकाश निरभ्र होतं. त्याच दगडापाशी तिने चटई टाकली आणि म्हणाली, "तू जाऊन ये, मी इथे आहे." मी गेले. झोपडीच्या पुढची अरुंद धारही चढले, चारी बाजूंनी डोंगरांच्या रांगा बघितल्या, मनातल्या वहीत खूण केली. उतरून आले तेव्हा ती पालथी पडून दगडफूल बघत होती. थर्मासच्या झाकणात माझा कोको ओतून ठेवला होता. तो गार झाला होता.