आमची वाटचाल: 2020 चा पावसाळा आणि तुझ्या ताडपत्र्या

प्रिय मित्रा,

मुलगी कधीपासून मागे लागली आहे, कारखान्याची वाटचाल लिहून दे म्हणून. लिहायला बसलो तर सुरुवातीची वर्षे चार ओळींत संपली. डोंगरावरची वडिलोपार्जित काजूची झाडे, सत्तरी तालुक्यात घातलेली पत्र्याची शेड, एक बॉयलर, गर सुकवायची भट्टी म्हणजे एक बोर्मा, गावातल्या बायका बी फोडायच्या कटरवर. मार्च ते मे बी विकत घ्यायची, वर्षभर फोडायची आणि म्हापसा-पणजीच्या दुकानांत गर द्यायचा. असे काजूवाले गोव्यात पुष्कळ आहेत. आमचे वेगळे काही सांगण्यासारखे असेल तर ते 2020 सालचे, आणि ते तुला वगळून सांगता येणार नाही. म्हणून हे पत्रच लिहितो.

टाळेबंदी लागली ती नेमकी काजूच्या हंगामात. आमच्या धंद्यात वर्षाचा सगळा पैसा या दोन-अडीच महिन्यांत बीमध्ये अडकतो, हे तुला माहीत आहे. वाचणाऱ्यांना असेलच असे नाही. शेतकऱ्याची बोंडे गळत होती, बी घरात साठत होती आणि ती घेणारे आम्हीच चार जण. घेतली. पण बस बंद, त्यामुळे कटरवरच्या बायका येईनात. बाहेरगावचे कामगार मे महिन्यात आपापल्या राज्यांत गेले. पर्यटक नाही म्हणून दुकाने गर उचलेनात. शेडमध्ये सहा टन बी, डोक्यावर कर्ज आणि जून तोंडावर.

तेव्हा तू आलास. तुझे खनिज वाहणारे टिपर 2018 च्या मार्चपासून, खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हापासून, अंगणात उभे होते. धीर देणारे फोन खूप आले त्या दिवसांत. तू मात्र आल्या आल्या विचारलेस, "ओली किती, सुकी किती?"

काजूची बी सुकली की नाही हे ओळखायचे दोन साधे मार्ग. मुठीत घेऊन हलवली की आत गर खुळखुळतो आणि टरफलावर नख रुतत नाही. चांगल्या उन्हात दोन-तीन दिवसांत ती तशी होते आणि मग गोणीत वर्षभर टिकते. ओली राहिली तर गोणीतल्या गोणीत तापते, गरावर काळे-तपकिरी डाग पडतात, बुरशी येते, कधी मोडही फुटतो. बाहेरून बी तशीच दिसते, हीच खरी पंचाईत.

म्हणून तू प्रत्येक गठ्ठ्यातून वेगवेगळ्या गोण्यांचा मिळून एकेक किलो काढायला लावलास आणि आपण दोघांनी ते फोडून तोलले. मार्चच्या मालात किलोमागे 275 ग्रॅम चांगला गर, सालीसकट. एप्रिलच्या मालात थोडा कमी. मेच्या शेवटी घेतलेल्या, वळवात भिजलेल्या बीमध्ये 225. किलोला 50 ग्रॅम म्हणजे टनाला 50 किलो गर गेला, आणि पावसाळा अजून सुरूही झाला नव्हता. ते आकडे पाहून मी मार्चचा माल आधी फोडायला निघालो होतो, चांगला आहे तर लवकर विकला जाईल म्हणून. तू अडवलेस. "सुकलेला थांबू शकतो, ओला थांबणार नाही. जे कुजतेय ते आधी काढ." टिपरवाल्याला काजूतले काय कळते, असे तेव्हा मनात आले होते, आज सांगतो.

एप्रिलचा माल तू सुकवून घेतलास. टिपरवरच्या ताडपत्र्या घेऊन आलास, खनिज झाकायच्या. बी सिमेंटच्या खळ्यावर पसरायची, ढग आले की ओढून झाकायची. रात्री झाकताना तू खाली बांबू लावून दोन बाजू उघड्या ठेवायचास, नाहीतर आत घाम सुटतो आणि दिवसभराचे ऊन वाया जाते. "खनिज भिजले तर वजन वाढते, तुझा काजू भिजला तर नुसती किंमत पडते," हे तुझे वाक्य घरात अजून चालते. मग गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर.

मेच्या मालाला माणसे हवी होती. मालवाहतूक तेव्हा चालू होती. बस तेवढी नव्हती. तू म्हणालास, बायका येत नाहीत तर कटर त्यांच्याकडे जाऊ दे. कटर तुझ्या गाडीतून घरोघर पोचले. संध्याकाळी आम्ही बी वाफवायचो, रात्रभर निवायची (गरम फोडली तर गर मोडतो), सकाळी तू ती वाटायचास आणि संध्याकाळी गर गोळा करून आणायचास. टरफलातले तेल हात भाजते, म्हणून प्रत्येक घरी खोबरेल आणि हातमोजे तूच दिलेस, आणि ओसरीवर मुले असतील तिथे कटर ठेवला नाहीस. गर त्याच दिवशी बोर्म्यात. त्यातला बराच पाकळी आणि तुकडा निघाला. त्या वर्षी तेच बरे झाले. अख्खा, 240 नंबरच्या प्रतीचा गर घेणारे पर्यटक नव्हते, पण 22 ऑगस्टच्या चवथीआधी गावोगावच्या किराणा दुकानांत तुकडा खपला.

बँकेचे प्रकरणही तुझेच. हप्ते थांबवायची सवलत आली तेव्हा मला ती माफीच वाटली होती. तू खाणी बंद झाल्यावर हे सगळे भोगले होतेस. वहीच्या मागच्या पानावर मांडलेस: सहा लाख बाकी, 11 टक्के व्याज, महिन्याला साडेपाच हजार. सहा महिने काहीच भरले नाही तर व्याजावर व्याज धरून बाकी जवळपास 34 हजारांनी वाढेल. "मुद्दल थांबव. व्याज जमेल तेवढे भर," म्हणालास. तुकड्याचे पैसे आले तसे भरत गेलो. नंतर सरकारने चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत दिला. सगळे व्याज थकवले असते तरी माझ्या कर्जावर तो पावणेआठशेच्या आसपास बसतो. लोक तेव्हा व्याज माफ झाले समजत होते.

सरकारी हमीचे कर्जही तुझ्यामुळे कळले. 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढी बाकी, तिच्या 20 टक्के, वेगळे तारण नाही, मुद्दल फेडायला पहिले वर्ष सूट. ते पैसे नवी बी घ्यायला वापरायचे नाहीत असे तू बजावलेस. बायकांची मजुरी, बोर्म्याचे सरपण आणि पाकिटे, एवढ्यावरच ते गेले. मार्चचा सुका माल ऑक्टोबरनंतर फोडला. पुन्हा किलो काढून तोलला तेव्हा 270 च्या वर भरला. नाताळाला थोडे पर्यटक आले आणि सालीसकट खारा काजू त्यांना त्याच मालातून गेला.

पुढची वर्षे बरी गेली. 2023 साली गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले, पाकिटावर गोव्याचे नाव अभिमानाने छापतो. दोन घरी कटर अजून आहेत. त्या बायकांना तेच सोयीचे पडते.

तुला भाड्याचे पैसे द्यायचे म्हटले की तू डिझेलपुरते घेऊन विषय बदलायचास. देव बरें करूं, एवढेच म्हणू शकतो. ताडपत्र्या अजून माझ्याकडेच आहेत, एकीला भोक पडले आहे. मार्चमध्ये पहिली बी येईल तेव्हा ये, किलो तूच काढ. माझ्या हाताने काढलेला तू खरा धरत नाहीस.

तुझा,
काजूवाला