काकांचं ऑइल पेंटिंग

आमच्या देवघरातली लक्ष्मी खुद्द रविवर्म्याच्या हातची, असं काका ठामपणे सांगायचे. पुरावा काय, तर काच काढून बोट फिरवलं की कॅनव्हास लागतो. शेवटी मीच पुण्याच्या एका चित्रसंवर्धक बाईंना फोटो पाठवले. पहिल्या फोटोत लक्ष्मीपेक्षा काचेतला मीच जास्त दिसत होतो.

त्यांनी फ्रेम उघडायला लावली. खोलीत अंधार करून टॉर्च चित्राच्या पातळीत, एका कडेने आडवा धरायचा आणि वरून फोटो काढायचा. मग काकांचा कॅनव्हास उघडा पडला. कापडाची वीण गालावर, कमळावर, आकाशावर अगदी एकसारखी उठलेली होती. खऱ्या तैलरंगात जाड रंगाचा फटकारा आकारामागून वळतो, दागिन्यावर उंच आणि सावलीत पातळ असतो. इथे कागदावर विणीचा ठसा दाबून वर व्हार्निश दिलेलं होतं. म्हणजे ओलिओग्राफ, तैलचित्रासारखा दिसणारा रंगीत छाप.

मग तो जुना की हल्लीचा? मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून गालाचा फोटो काढला. गुलाबी, निळसर, पिवळे ठिपके दिसले. लहानमोठे, वेडेवाकडे, कुठे दाट तर कुठे विरळ. लिथोत, म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईत, कारागिराने दगडावर हाताने दिलेले ठिपके असेच असतात आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. ऑफसेटच्या नकलेत चारच शाया आणि ठिपक्यांची काटेकोर, फुलासारखी जाळी दिसते. पदराची जर मात्र छापलेली नव्हती, ती खरी, वरून शिवलेली निघाली. मागच्या बाजूला टाके दिसत होते.

फ्रेमने मात्र घाबरवलं. पाठीमागे प्लायवूड, त्यावर फ्रेमवाल्याचं लेबल, पत्त्यात ‘मुंबई ४००००४’. पिनकोड आले १९७२ साली. मी फोनवर म्हटलं, "म्हणजे नक्कल?" त्या हसल्या. "अहो, फ्रेम बदलतात लोक. नवी फ्रेम चित्राला नवं करत नाही, आणि जुन्या फ्रेममध्ये नवी नक्कल घालणारे तर कितीतरी."

काकांनी जपलेलं बिल रुपये-आणे-पैचं, ‘लक्ष्मीची तसबीर, एक’. आकार नाही, छापखाना नाही. कुठलीतरी लक्ष्मी घेतली होती, एवढंच त्यावरून कळतं.

खालचा समास फ्रेमवाल्याने कापलेला होता. इंग्रजी अक्षरांचे वरचे अर्धे भाग तेवढे उरले होते. ‘रवि वर्मा प्रेस’ जेमतेम लागलं, पुढचं गाव गेलं. हा छापखाना १८९४ला मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि रविवर्म्याने विकल्यावरही चित्रं छापत राहिला. गावाचं नाव शाबूत असतं तर काळ थोडा आवळता आला असता. बाईंनी लिहून दिलं: जुना लिथो छाप असण्याची दाट शक्यता, साल सांगता येत नाही, कागद प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय खात्री नाही.

काकांना मी हे वाचून दाखवलं. "फोटोवरून काय कळतंय त्यांना," म्हणाले आणि बिल परत खिशात ठेवलं. नवी फ्रेम करताना जरीला काच टेकू नये म्हणून मध्ये माउंट घातला आणि ती अर्धी अक्षरं दिसतील इतकी जागा खाली सोडली.